पॅकिंग शीटमध्ये रेट आणि वजन चुकीचं येतंय? VLOOKUP मध्ये कुठून कुठून तपासायचं ते एकदा नीट लिहिते

मी अंबडला एका छोट्या युनिटमध्ये डिस्पॅच बघते, आमचा माल म्हणजे नट, बोल्ट, वॉशर असला. मास्टर आयटम लिस्टमधून पॅकिंग शीटमध्ये रेट आणि वजन ओढून आणायचं काम VLOOKUP करतो आणि तो बिघडला की फोन मला येतो. आमच्याच ऑफिसातून येतो, सातपूरच्या मैत्रिणीकडून येतो, सिन्नरहून भावाच्या कंपनीतून पण येतो. दर वेळी बिघाड त्याच चार-पाच जागी निघतो म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी लक्षणं बघा, कारण त्यावरूनच अर्धं कळतं.

काही ओळींत #N/A येतं आणि बाकीच्या ओळी बरोबर असतात. किंवा वरच्या ओळी बरोबर आणि खाली खाली जाऊन #N/A सुरू होतं. किंवा पूर्ण कॉलमभर एकच आकडा दिसतो, पहिल्या आयटमचा. किंवा वजनाच्या जागी ७३१८ सारखा भलताच आकडा येतो. किंवा वजन शून्य येतं आणि कोणाचं लक्षच जात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आकडा येतो, दिसायला ठीक असतो, एरर कुठेच नाही, पण तो आकडा दुसऱ्याच आयटमचा असतो. #N/A आलं तर माणूस थांबतो तरी, हा शेवटचा प्रकार मात्र सरळ गाडीत चढतो आणि बिलात जातो, म्हणून खाली त्याच्यावरच मी जास्त लिहिलंय.

समजायला सोपं जावं म्हणून आपली मांडणी अशी धरू. Master नावाच्या शीटमध्ये A मध्ये आयटम, B मध्ये रेट, C मध्ये एका नगाचं वजन किलोत. पॅकिंग शीटमध्ये A मध्ये आयटम, B मध्ये नग आणि पुढे रेट, वजन. वजनाचा फॉर्म्युला पाचव्या ओळीत असा:

```
=VLOOKUP(A5,Master!$A$2:$C$640,3,FALSE)
```

आधी F9 दाबा

याला पाच सेकंद लागतात म्हणून हे पहिलं. पूर्ण कॉलमभर एकच आकडा दिसत असेल तर फॉर्म्युला बहुतेक बरोबरच असतो, एक्सेलने हिशोबच केलेला नसतो. Formulas मध्ये Calculation Options ला Manual झालेलं असतं, मग फॉर्म्युला खाली ओढला तरी वरचाच आकडा खाली दिसत राहतो. F9 दाबलं की आकडे बदलतात, मग ते परत Automatic करून ठेवा. तुम्ही स्वतः कधी Manual केलेलं नसेल तरी होतं हे, कारण दिवसाची पहिली फाईल कोणीतरी Manual ठेवून पाठवलेली उघडली की एक्सेल नंतरच्या सगळ्या फायलींना तेच लावतो.

मग IFERROR काढा

बऱ्याच जणांच्या शीटमध्ये #N/A वाईट दिसतं म्हणून कोणीतरी बाहेरून IFERROR लावून शून्य दाखवायला सांगितलेलं असतं. तपासताना ते काढून टाकायचंच. शून्य म्हणजे त्या ओळीचं वजन टोटलमध्ये धरलंच नाही आणि टोटल तर व्यवस्थित छापली जाते. मी तर म्हणते पॅकिंग शीटमध्ये IFERROR ला शून्य कधीच देऊ नका, द्यायचंच असेल तर "मास्टरमध्ये नाही" असे शब्द द्या म्हणजे प्रिंट काढणाऱ्याला दिसेल.

शेवटच्या ओळीत जाऊन F2

पहिली ओळ बघून काही कळत नाही, ती नेहमी बरोबरच असते. शेवटच्या ओळीत जा, F2 दाबा आणि रेंज वाचा. डॉलर नसतील तर पाचव्या ओळीत A2:C640 होतं ते पस्तिसाव्या ओळीत A32:C670 झालेलं असतं, म्हणजे मास्टरमधले वरचे तीस आयटम त्याला दिसतच नाहीत. वरती बरोबर आणि खाली #N/A, ते पण ठराविक आयटमलाच, हे लक्षण शंभर टक्के याचं. पहिल्या ओळीत परत या, F2 दाबून पूर्ण रेंज सिलेक्ट करा आणि F4 दाबा, डॉलर लागतात, आणि मग परत खाली ओढा.

तिथेच दुसरं बघायचं म्हणजे रेंज कुठे संपते. नवीन आयटम मास्टरच्या तळाला ६४१ व्या ओळीत टाकलाय आणि रेंज ६४० ला संपते, मग नवीनच आयटमला #N/A येणार. यासाठी मी $A:$C असा पूर्ण कॉलमच देते.

आणि तिसरं, शेवटी FALSE आहे का. हे लिहिलं नाही तर एक्सेल TRUE धरतो, म्हणजे तंतोतंत आयटम न शोधता यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं समजून जवळचा घेतो. यादी तशी लावलेली नसेल तर कुठलाही आकडा येतो, आणि लावलेली असली तरी मास्टरमध्ये नसलेल्या आयटमला #N/A न देता त्याच्या अलीकडच्या आयटमचं वजन चिकटवतो. FALSE किंवा 0, काहीही लिहा पण लिहा.

वजनाच्या जागी ७३१८ आलं तर

हे मास्टरमध्ये मध्येच कॉलम घुसवल्यामुळे होतं. आमच्याकडे अकाउंटच्या दादांनी रेट आणि वजन यांच्यामध्ये एचएसएन कोडचा कॉलम टाकला होता, नट-बोल्टचा कोड ७३१८ ने सुरू होतो. कॉलम घुसवला की रेंज आपोआप $A:$D होते पण फॉर्म्युल्यातला 3 हा 3 च राहतो, आणि आता तिसऱ्या कॉलमात एचएसएन आहे. ही चूक लगेच पकडली गेली कारण एका वॉशरचं वजन सात हजार किलो कोणी मान्य करणार नाही. पण त्याच दादांनी नंतर आयटमच्या शेजारी "जुना रेट" असा कॉलम घातला तेव्हा मात्र जुने रेट आठवडाभर पॅकिंग शीटवर येत होते, कारण जुना रेट पण रेटसारखाच दिसतो ना.

यावर उपाय म्हणजे आकडा न लिहिता कॉलमचं नाव शोधायला लावायचं:

```
=VLOOKUP(A5,Master!$A:$F,MATCH("वजन",Master!$A$1:$F$1,0),FALSE)
```

मग कॉलम कितीही सरकू द्या, पहिल्या ओळीत "वजन" जिथे लिहिलंय तिथूनच आणणार. फक्त हेडिंग कोणी बदलायचं नाही हे सगळ्यांना सांगून ठेवा.

आयटम डोळ्याला दिसतोय तरी #N/A

मास्टरमध्ये आयटम समोर दिसतोय, स्पेलिंग तेच, तरी मिळत नाही म्हणतोय. इथे डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, एक्सेललाच विचारायचं. रिकाम्या सेलमध्ये लिहा:

```
=A5=Master!A118
=LEN(A5)
=LEN(Master!A118)
```

पहिल्याचं उत्तर FALSE आलं म्हणजे दोन्ही सारखे नाहीत, विषय संपला. मग LEN बघा. एकीकडे ५ आणि दुसरीकडे ६ आलं तर मागे किंवा पुढे एक स्पेस आहे. साधी स्पेस TRIM ने जाते. TRIM करूनही LEN कमी झालं नाही तर ती वेबवरून किंवा सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्टमधून आलेली वेगळी स्पेस आहे, दिसते तशीच पण तिचा नंबर १६०, ती अशी काढायची:

```
=TRIM(SUBSTITUTE(A5,CHAR(160)," "))
```

LEN दोन्हीकडे सारखं आलं आणि तरीही FALSE येत असेल आणि तुमचे आयटम कोड नुसते आकड्यांचे असतील, तर एका ठिकाणी आकडा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी आकड्यासारखा दिसणारा मजकूर. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण असतो तो याचाच. ISNUMBER लावून बघा, एकीकडे TRUE आणि एकीकडे FALSE येईल. आता इथे घाई करून सगळं आकड्यात बदलू नका. तुमचे कोड 00452 असे शून्याने सुरू होत असतील तर आकड्यात बदलल्यावर ते 452 होतात आणि ते शून्य परत मिळत नाहीत. अशा वेळी दोन्हीकडे मजकूरच ठेवायचा. शून्य नसतील तर कॉलम सिलेक्ट करून Data मध्ये Text to Columns आणि सरळ Finish, सगळे आकडे होतात.

एवढं करून नव्वद टक्के लोकांचं काम होतं. आता त्या उरलेल्या प्रकाराबद्दल.

एरर नाही, फॉर्म्युला बरोबर, तरी आकडा दुसऱ्याचा

हा मला स्वतःला सापडायला दोन दिवस लागले. मुंबईची गाडी भरायची होती, बावीस ओळींची पॅकिंग शीट, बॉक्स आणि पॅलेट धरून वजन ५०० किलो छापलेलं. काट्यावरचा मुलगा आत येऊन म्हणाला, "ताई, ४२४ च भरतंय, एखादा पॅलेट राहिला का खाली?" आम्ही बॉक्स मोजले, बरोबर. परत उघडून मोजले, परत बरोबर. ड्रायव्हर दादा म्हणत होते की अंधार पडायच्या आत कसारा घाट उतरायचाय, आता सोडा. दीड तास त्यात गेला. शेवटी पॅकिंग शीटवर पेनने वजन बदलून गाडी सोडली पण माझ्या डोक्यातून ते जाईना, कारण फॉर्म्युल्यात FALSE होतं, डॉलर होते, कॉलम बरोबर होता, सगळं वर लिहिलंय तसं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फरक घेऊन बसले. ५०० वजा ४२४ म्हणजे ७६ किलो. प्रत्येक ओळीच्या नगांनी ७६ ला भागत गेले, कारण एकाच ओळीत चूक असेल तर तो भागाकार म्हणजे एका नगामागचा फरक निघणार. M8*20 चे २००० नग होते, ७६ भागिले २००० म्हणजे ०.०३८, अडतीस ग्रॅम. M8*20 बोल्ट आमच्या मास्टरमध्ये ०.०१२ किलोचा आहे आणि शीटवर मात्र ०.०५० आलेलं. आणि ०.०५० वजन कोणाचं तर M8*120 चं. म्हणजे वीस एमएमच्या बोल्टला एकशेवीस एमएमच्या बोल्टचं वजन लागलेलं. २४ किलोच्या जागी १०० किलो. रेट पण तसाच, २.१० च्या जागी ८.४०, म्हणजे त्या एका ओळीत ४,२०० च्या ऐवजी १६,८००.

कारण आहे ती चांदणी. आपण बोल्टचं माप लिहिताना M8*20 लिहितो, पण VLOOKUP तंतोतंत शोधत असताना सुद्धा शोधायच्या मजकुरातल्या चांदणीचा अर्थ "इथे काहीही चालेल" असा घेतो. म्हणजे M8*20 शोध म्हटलं की तो असं समजतो की M8 ने सुरू होणारं आणि 20 ने संपणारं काहीही शोध. M8*120 यात बरोबर बसतं. आणि VLOOKUP वरून खाली येताना जो पहिला भेटेल तो घेतो.

मग आधी इतके महिने बरोबर कसं येत होतं? कारण मास्टर आधी मापाच्या क्रमाने होती, १६, २०, २५ आणि १२० एकदम खाली, त्यामुळे खरा M8*20 आधी भेटायचा. त्या आठवड्यात कोणीतरी मास्टर ए टू झेड सॉर्ट केली. हा मजकूर असल्यामुळे सॉर्ट एक-एक अक्षर बघून होतो, "१२०" मधला एक हा "२०" मधल्या दोनच्या आधी येतो, म्हणून M8*120 वर गेला आणि M8*20 खाली आला. FALSE लावलं की सॉर्टने काही फरक पडत नाही असं आपण सगळे सांगतो, मी पण सांगायचे, पण नावात चांदणी असेल तर पडतो. तसंच M8*25 ला M8*125 चं येऊ शकतं, M8*30 ला M8*130 चं. M8*16 ला काही होत नाही कारण ११६ मापाचा बोल्ट आमच्या यादीतच नाही. त्यामुळे बाकी शीट बरोबर दिसते आणि एखाद-दुसरीच ओळ चुकते. प्रश्नचिन्हाचं पण असंच आहे, ते कुठल्याही एका अक्षराच्या जागी चालतं.

तुमच्या शीटला हा आजार आहे का हे बघायला पॅकिंग शीटच्या बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये हे दोन टाका आणि खाली ओढा:

```
=COUNTIF(Master!$A$2:$A$640,A5)
=SUMPRODUCT(--(Master!$A$2:$A$640=A5))
```

COUNTIF पण चांदणी मानतो, साधं बरोबरचं चिन्ह मानत नाही. पहिल्यात २ आणि दुसऱ्यात १ आला तर चांदणीची भानगड आहे. दोन्हीत २ आला तर मास्टरमध्ये तो आयटम खरोखरच दोनदा आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

दुरुस्ती तीन प्रकारे होते. नावांना हात लावायचा नसेल तर शोधताना चांदणीच्या आधी ~ लावायचं, म्हणजे एक्सेल तिला साधी चांदणीच समजतो:

```
=VLOOKUP(SUBSTITUTE(A5,"*","~*"),Master!$A:$C,3,FALSE)
```

तुमच्याकडे एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर XLOOKUP वापरा. तो स्वतःहून तंतोतंतच शोधतो आणि तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय चांदणीला काही मानत नाही, शिवाय त्यात कॉलमचा नंबर नसल्यामुळे वरचा ७३१८ वाला त्रास पण जातो:

```
=XLOOKUP(A5,Master!$A:$A,Master!$C:$C)
```

फक्त गोडाऊनच्या कॉम्प्युटरवर २०१६ किंवा २०१९ असेल तर तिथे हिशोब परत झाला की #NAME? येईल, त्यामुळे फाईल कुठे कुठे उघडते ते आधी विचारा. आमच्याकडे गेटवरच्या कॉम्प्युटरवर जुनंच आहे म्हणून मी ~ वालाच ठेवलाय.

तिसरा रस्ता म्हणजे दोन्ही शीटमध्ये चांदणी काढून M8x20 असं नाव करणं. कायमचा उपाय खरा हाच आहे. पण इथे हात जपून. Find and Replace मध्ये नुसतं * टाकून त्याच्या जागी x दिलं तर तिथे पण चांदणी म्हणजे "काहीही", त्यामुळे पूर्ण सेलच्या जागी एक x येतो आणि मास्टरमधले सगळे आयटम जातात. Find what मध्ये ~* टाकायचं, आणि त्याआधी फाईलची कॉपी करून ठेवायची. आधी फक्त आयटमचा कॉलम सिलेक्ट करा, नाहीतर तुमच्या फॉर्म्युल्यांमध्ये गुणाकाराची जी चांदणी आहे ती पण बदलायला जाईल. आणि दोन्हीकडे एकाच दिवशी करा, पॅकिंग शीटमध्ये M8x20 आणि मास्टरमध्ये M8*20 राहिलं तर लोकांना #N/A यायला लागतं.

बदल झाल्यावर मी एकच परीक्षा घेते. M8*20 आणि M8*120 दोन्ही असलेली एक जुनी पॅकिंग शीट घेते, मास्टर मुद्दाम ए टू झेड सॉर्ट करते आणि वजन बघते, मग झेड टू ए करून परत बघते. दोन्ही वेळा ०.०१२ आणि ०.०५० च आलं पाहिजे. परीक्षा मास्टरच्या कॉपीवरच घ्या.

कुठे थांबायचं

मास्टरमध्ये आयटम खरोखर दोनदा असेल आणि दोन वेगळी वजनं असतील तर फॉर्म्युला दुरुस्त करत बसू नका. VLOOKUP वरचा घेणार, पण वरचा बरोबर आहे हे कोणी सांगितलं? एक झिंक प्लेटिंगचा असेल, एक काळा असेल, ते स्टोअर किंवा प्रॉडक्शनवाल्यांनाच माहीत. त्यांच्याकडून शंभर नग काट्यावर टाकून वजन घ्या आणि नावं वेगळी करून घ्या. आपल्या अंदाजाने एक ओळ उडवायची नाही.

मास्टर जर तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून रोज एक्सपोर्ट होत असेल आणि त्या १६० नंबरच्या स्पेस किंवा उडालेले शून्य रोज परत येत असतील, तर एक्सेलमध्ये रोज साफ करण्यात अर्थ नाही. एक्सपोर्टची सेटिंग त्यांच्याच माणसाकडून बदलून घ्या. त्याला "एक्सेल चालत नाही" असं सांगू नका, LEN चे दोन आकडे दाखवा, काम लवकर होतं. शीटला पासवर्ड असेल किंवा आत मॅक्रो असेल आणि तो कोणी लिहिला माहीत नसेल तर तिथेही थांबा, मॅक्रो कदाचित कॉलमच्या जागेवर अवलंबून असेल आणि तुम्ही कॉलम हलवला की दुसरंच काहीतरी मोडेल.

आणि चुकीच्या रेटने बिल पार्टीला गेलं असेल तर शीट नंतर, आधी अकाउंटंटला फोन करा. बिलाची दुरुस्ती क्रेडिट नोटने करायची की कशी ते तेच ठरवतील, आणि ई-वे बिल रद्द करायचं असेल तर तयार केल्यापासून २४ तासांतच करता येतं, त्यामुळे संध्याकाळी सापडलेली चूक सकाळवर ढकलू नका. जाताना त्या दिवशीची छापलेली पॅकिंग शीट आणि काट्याची चिठ्ठी दोन्ही सोबत न्या, आमच्या अकाउंटच्या दादांनी पहिल्यांदा तेच मागितलं होतं.